सणाच्या सुट्टीची नोटीस आणि फोनताई

नोटीस शुक्रवारी दुपारी गेली आणि चहा यायच्या आत हेडक्लार्कने घातलेला घोळ त्याच्याच टेबलावर परत आला. आणून ठेवला फोनताईंनी. त्यांनी कागद ठेवला, कागदावर आपल्या चष्म्याचं घर ठेवलं, आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या. फोनताई दुसऱ्याच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या की काहीतरी शिजलंय, हे त्या ऑफिसात शिपायालाही कळत असे.

"भाऊसाहेब, हे वाचा."

"मीच लिहिलंय की, ताई."

"म्हणूनच म्हणते, वाचा."

हेडक्लार्कने वाचलं. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीची सणाची नोटीस जशी असते तशीच ती होती. कार्यालय मंगळवार ते शुक्रवार बंद राहील, शनिवारी नेहमीच्या वेळेला उघडेल. या काळात नियमित देखभाल व किरकोळ तक्रारी घेतल्या जाणार नाहीत. मात्र लिफ्टमध्ये कोणी अडकल्यास, लिफ्ट जागेवर नसताना दार उघडत असल्यास, किंवा लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरल्यास ताबडतोब संपर्क साधावा. खाली संपर्क. पहिला नंबर फोनताईंचा. दुसरा ड्यूटीवरच्या मिस्त्रीचा. तिसरा मॅनेजर साहेबांचा, आणि त्याच्यापुढे कंसात 'वरील दोन्ही न लागल्यासच'.

"बरोबर तर आहे," हेडक्लार्क म्हणाला.

फोनताईंनी पर्समधून दुसरा कागद काढून पहिल्याच्या शेजारी ठेवला. तो रजेचा अर्ज होता. मंगळवार ते शुक्रवार तातडीच्या फोनच्या कामातून मला मोकळं ठेवावं, अशी दोन ओळींची विनंती. खाली 'मंजूर' असा शेरा, आणि शेऱ्याखाली हेडक्लार्कची ती शेपटीवाली सही, जिची नक्कल करण्याच्या भानगडीत आजवर कोणी पडलं नव्हतं.

हेडक्लार्कने एकदा या कागदाकडे पाहिलं, एकदा त्या कागदाकडे. दोन्हीकडे तोच होता.

झालं होतं ते असं. नोटीस दरवर्षी नवी लिहायची नसते. मागच्या वर्षीची उघडायची, तारखा आणि वार बदलायचे, साहेबांची सही घ्यायची आणि सोडून द्यायची. या पद्धतीने हेडक्लार्कने कैक सण पार पाडले होते. एकदा तर त्याने नोटीस ऑफिसच्या काचेच्या दारावर सुबक चिकटवली होती आणि वरून शटर ओढून घरी गेला होता; ऑफिस बंद असल्याचं ऑफिस उघडं असेपर्यंतच वाचता येत होतं. ती चूक ऑफिसने हसण्यावारी नेली. या वेळच्या चुकीत हसण्यासारखं काही नव्हतं. नोटीस एव्हाना गावभरच्या इमारतींच्या सेक्रेटरींना पोचली होती, आणि सर्व्हिसला गेलेले मिस्त्री ती लिफ्टच्या आत, बटणांच्या वरच्या बाजूला चिकटवत सुटले होते.

"ताई, आता गेली हो ती," हेडक्लार्क म्हणाला. "एवढं एक वर्ष घ्या सांभाळून. पुढच्या वेळी नक्की."

"हे तुम्ही मागच्या वेळी म्हणालात."

"मागच्या वेळी परिस्थिती वेगळी होती."

"मागच्या वेळी नोटीस हीच होती," फोनताई म्हणाल्या. "नुसत्या तारखा वेगळ्या."

फोनताई या कंपनीत आल्या तेव्हा कंपनीत फोन एकच होता आणि तोही साहेबांच्या खोलीत. पुढे फोन बाहेर आला, त्याच्यामागे फोनताई बसल्या, आणि त्यांचं मूळ नाव पगारपत्रकापुरतं उरलं. इमारतींचे वॉचमन त्यांना आवाजावरून ओळखत. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी बोलण्याची त्यांची एक तऱ्हा होती. "घाबरू नका" असं त्या कधीच म्हणत नसत. घाबरू नका म्हटलं की धड असलेला माणूसही घाबरतो. त्या विचारत, "पिशवीत काय आहे?" माणूस चक्रावून पिशवी बघायचा. मग भाजी कुठून घेतली, कितीला मिळाली, या भावाने घेतली म्हणजे तुम्हाला फसवलं, इथपर्यंत गोष्ट यायची, तोवर मिस्त्री वरच्या मशीनच्या खोलीत पोचलेला असायचा. फसवणुकीच्या रागात माणूस भीती विसरतो. एकदा एका गृहस्थांचं दार उघडलं तर ते बाहेर यायला तयार होईनात, कारण फोनवर वांग्यांचा वाद अर्ध्यावर होता.

लग्न त्यांनी केलेलं नव्हतं. का, ते ऑफिसला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्यामुळे ऑफिसने आपल्या सोयीची दोन-तीन उत्तरं तयार करून ठेवली होती. आई होती तोवर त्या आईबरोबर राहत. आई गेली, दोन खोल्या राहिल्या, खिडकीत तुळशीऐवजी कोरफडीच्या कुंड्या आल्या, कारण कोरफडीला फार विचारावं लागत नाही. आणि ज्या वर्षी आई गेली त्याच वर्षीच्या सणाला कोणीतरी साहेबांसमोर ते वाक्य उच्चारलं: "ताईंचं काय, त्यांच्या घरी कोण आहे?"

हे वाक्य पहिल्यांदा कोण बोललं ते आता कोणालाच आठवत नाही. बोलणाऱ्याला ते माणुसकीचंही वाटलं असेल. पण त्या दिवसापासून ऑफिसचा फोन सणासुदीला ताईंच्या मोबाइलवर वळवला जाऊ लागला, आणि पुढे त्यांचा नंबर नोटिशीतच शिरला. मिस्त्रींच्या ड्यूट्या पाळीपाळीने असत. सणाला राबणाऱ्या मिस्त्रीला नंतर बदली सुट्टी मिळे, आणि मिळाली नाही तर तो दारात उभा राहून घेई. फोनला पाळी नव्हती. बदली सुट्टी तर नव्हतीच, कारण "फोन काय, घरी बसूनच तर घ्यायचाय." बाकीचे लोकही घरीच बसलेले असत, पण त्यांच्या बसण्याला कुटुंब म्हणत. एकट्या माणसाची सुट्टी म्हणजे बागेतलं बाकडं. येईल त्याने बसावं, शेंगा खाव्यात, टरफलं टाकून उठावं, आणि बाकड्याला विचारायचं काय?

असो. हा संताप हेडक्लार्कला त्या शुक्रवारी आलेला नव्हता. त्या शुक्रवारी त्याला फक्त घाम आला होता.

त्याने माणूस शोधायला सुरुवात केली. अकाउंटंट म्हणाला, सासरची मंडळी येतायत, त्यांच्यासमोर फोन घेतला की सासऱ्यांना वाटतं मी टाळतोय, आणि ते बरोबरच आहे. स्टोअरकीपर म्हणाला, आमच्या घरात रेंजच नाही, बोलायचं तर संडासच्या खिडकीत उभं राहावं लागतं, आता अडकलेल्या माणसाशी तिथून काय बोलणार. टायपिस्ट मुलीचं नुकतंच लग्न झालं होतं. तिने नुसतं पाहिलं, आणि हेडक्लार्क "नाही, नाही, तुला कोण म्हणतंय" असं म्हणत मागे सरला. प्रत्येकाच्या घरी कोणीतरी होतं. त्या कोणीतरीची एवढी ओढ एरवी सहा वाजल्यानंतर ऑफिसात गप्पा मारत बसताना कोणाला दिसत नसे.

शेवटी तो साहेबांकडे गेला. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "ताईंना समजवा."

म्हणून शनिवारी सकाळी तो फोनताईंच्या टेबलाशी उभा राहिला. त्याला मनापासून एखादं कारण हवं होतं. कारण मिळालं असतं तर साहेबांना सांगता आलं असतं.

"बाहेरगावी जाताय का, ताई?"

"नाही."

"कोणी येणार आहे?"

"कोण येणार?"

"तब्येत वगैरे..."

"ठणठणीत आहे."

"मग?"

"मग काय?" फोनताई म्हणाल्या. "अकाउंटंटना कारण विचारलंत?"

"त्यांचे सासरे येतायत."

"ते त्यांनी सांगितलं. तुम्ही विचारलं होतंत का?"

विचारलं नव्हतं. हेडक्लार्क तिथेच उभा राहून फोनच्या वायरीचा पीळ सोडवू लागला. तो सुटेना तेव्हा फोनताईंनी वायर त्याच्या हातातून घेतली.

"भाऊसाहेब, मी मंगळवारी सकाळी फोन बंद करणार. शनिवारी सकाळी चालू करणार. आज शनिवार आहे, तुमच्याकडे दोन दिवस आहेत. कोणी अडकलं आणि नंबर लागला नाही तर ते माझ्या डोक्यावर नको. नोटीस बदला."

हेडक्लार्क आपल्या खुर्चीत येऊन बसला, नोटीस उघडली, पहिल्या नंबरावरचं नाव खोडलं, आणि बराच वेळ कर्सरच्या लुकलुकण्याकडे बघत राहिला. मग त्याने तिथे स्वतःचं नाव घातलं. साहेबांनी सही करताना ते वाचलंही नाही.

घरी बातमी दिली तेव्हा बायको पोळी लाटत होती. ती थांबली.

"तुमचा नंबर? अहो, तुम्ही मी केलेला फोन उचलत नाही."

"तो वेगळा."

"लिफ्टमध्ये अडकूनच करायचा का मग?"

सुधारलेली नोटीस सेक्रेटरींना पाठवणं सोपं होतं. लिफ्टमध्ये चिकटलेल्या जुन्या नोटिशींचं काय करायचं? मिस्त्री आपापल्या कामाला लागले होते. तेव्हा हेडक्लार्कने आपल्या नावाच्या आणि नंबराच्या पट्ट्या छापून घेतल्या, रविवारी स्कूटर काढली, आणि इमारत-इमारत फिरून ताईंच्या नंबरावर स्वतःचा नंबर चिकटवत सुटला. संध्याकाळपर्यंत त्याच्या बोटांना डिंक आणि तोंडाला वॉचमन लोकांचा चहा पुरेपूर लागला होता. सोमवारी ऑफिस सुटल्यावर तो शेवटच्या इमारतीत पोचला. तिथे लिफ्ट दोन. एका लिफ्टमध्ये पट्टी लावली. दुसरीत कोणाचं तरी कपाट चाललं होतं. कपाट उभं जाईना, आडवं जाईना, आणि चार माणसं चार प्रकारची अक्कल सांगत होती. हेडक्लार्कने थोडा वेळ वाट पाहिली. मग पट्टी वॉचमनच्या हातात दिली, म्हणाला, "मोकळी झाली की लाव रे बाबा," आणि घरी गेला. वॉचमनने पट्टी रजिस्टरखाली ठेवली. रजिस्टरखाली ठेवलेल्या वस्तूंचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

मंगळवार उजाडला आणि हेडक्लार्कच्या आयुष्यात माणसं आली.

पहिला फोन, लिफ्टमधला पंखा कुई करतो. दुसरा, आरशावर कोणीतरी टिकल्या चिकटवल्यात. तिसरा, पाहुणे यायच्या आत लिफ्टमधला दिवा बदलून मिळेल का, नाहीतर पाहुण्यांना काय वाटेल. हेडक्लार्कने प्रत्येकाला समजावलं की नोटीस वाचा, माणूस अडकला तरच. एका बाईंनी विचारलं, "आमच्याकडे सणाला मेहुणे अडकलेत, ते चालतील का?" दुपारी जेवायला बसला, पहिला घास घेतला, फोन. खालच्या मजल्यावरचे वरच्या मजल्यावरच्यांची तक्रार करत होते. लिफ्ट ते मुद्दाम वर थांबवून ठेवतात. दुसऱ्यांदा बसला, भात गार झाला होता. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही मंत्री झालात की काय?" सगळे हसले. हेडक्लार्कही हसला, पण घास गिळताना त्याच्या मनात आलं की ताईंच्या ताटाशी हसायलाही कोणी नसायचं, फोन मात्र एवढेच यायचे. सणाच्या ऐन दुपारी गार भात, आणि शनिवारी ऑफिसात आल्यावर आपण त्यांना विचारणार, "मग ताई, आराम झाला ना?"

हे आपण दरवर्षी विचारत होतो, हे त्याला आठवलं आणि तो ताटावरून उठला. बायकोला वाटलं फोन आला.

खरा फोन गुरुवारी संध्याकाळी आला, आणि तो आता हेडक्लार्कच्या मोबाइलवर वळवलेल्या ऑफिसच्या लाइनवरून आला. शेवटच्या इमारतीचा वॉचमन होता. दुसऱ्या लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई अडकल्या होत्या. नोटिशीवरचा पहिला नंबर त्या पुन्हा पुन्हा लावत होत्या आणि तो बंद लागत होता. दुसऱ्या नंबरावर मिस्त्रीचा फोन व्यस्त येत होता, कारण त्याच वेळी कोणीतरी त्याला टिकल्यांबद्दल सांगत होतं. तिसऱ्या नंबराने फोन उचलला नव्हता. शेवटी बाईंनी घंटीवर बोट ठेवलं ते काढलंच नाही, तेव्हा कुठे सणाच्या गाण्यांतून ती वॉचमनला ऐकू आली.

हेडक्लार्कने मिस्त्रीला गाठलं, स्वतः स्कूटर काढली आणि वाटेतच बाईंचा नंबर मिळवून त्यांना फोन लावला.

"घाबरू नका," तो म्हणाला.

"मी घाबरलेली नाही," बाई म्हणाल्या, "मी चिडलेली आहे. तुम्ही कोण?"

त्याने पिशवीत काय आहे ते विचारलं. बाईंनी सांगितलं की पिशवीत छत्री आहे आणि ती कशासाठी वापरायची याचा त्या विचार करतायत.

मिस्त्रीने वर जाऊन वीज तोडली, ब्रेक सोडून लिफ्ट हाताने मजल्याच्या पातळीला आणली, चावीने दार उघडलं. बाई ताठ मानेने बाहेर आल्या, हेडक्लार्ककडे पाहिलं, छत्री वापरली नाही, आणि शनिवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आत मॅनेजर साहेबांना तक्रार पाठवली.

साहेबांनी हेडक्लार्कला आत बोलावलं.

"फोनताईंना मेमो काढा. तातडीचा संपर्क असून फोन बंद ठेवला. कडक भाषेत."

कंपनीत मेमो हलकी गोष्ट नव्हती. मेमो निघाला की त्या वर्षीची पगारवाढ गेली, आणि फाइलमध्ये कायमचा एक काळा डाग. तो आता फोनताईंच्या फाइलमध्ये जाणार होता, ज्या कामातून त्यांना लेखी मोकळं केलं होतं ते काम न केल्याबद्दल.

"साहेब, त्या रजेवर होत्या. रजा मंजूर होती."

"कोणी केली?"

"मी."

"आणि नोटिशीत नाव कोणी घातलं?"

"मीच. नंतर मीच बदललं. त्या इमारतीच्या एका लिफ्टमध्ये पट्टी लावायची राहिली, तीही माझ्याकडूनच."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग जरा मवाळ सुरात, समजुतीच्या गोष्टी सांगाव्यात तसे म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो. पण साधा विचार करा. घरीच तर बसल्या होत्या. माणुसकी म्हणून फोन चालू ठेवला असता तर काय बिघडलं असतं? त्यांच्या घरी आहे कोण?"

हेडक्लार्क आयुष्यात साहेबांशी भांडला नव्हता. त्या क्षणीही त्याचा भांडायचा विचार नव्हता. पण ते वाक्य त्याने इतकी वर्षं इतक्या तोंडांतून ऐकलं होतं, स्वतःच्या तोंडातूनही, की आता ते समोर आल्याबरोबर त्याच्या कानशिलांत रक्त चढलं.

"साहेब, त्यांच्या घरी त्या आहेत," तो म्हणाला. "आणि बिघडायचं म्हणाल तर तिसरा नंबर तुमचा होता. तोही कोणी उचलला नाही."

साहेबांनी खाली ठेवलेलं पेन पुन्हा उचललं.

"मी जेवायला बसलो होतो," साहेब म्हणाले.

"हो," हेडक्लार्क म्हणाला. "मेमो काढतो. माझ्या नावाने काढतो."

आणि बाहेर येऊन त्याने तो खरोखरच टाइप केला. कडक भाषेत. स्वतःला कडक भाषा वापरायला माणसाला एवढी मजा येईल याची त्याला कल्पना नव्हती. साहेबांनी सही केली, पण सहीखाली पगारवाढ रोखण्याची नेहमीची ओळ लिहिली नाही; आपल्या फोनचा उल्लेख त्या कागदाबरोबर वर जाऊ नये म्हणून असेल, किंवा खरोखरच वाईट वाटलं म्हणून असेल. हेडक्लार्कने त्याची चौकशी केली नाही. त्याऐवजी पुढच्या सणाची नोटीस काढली, म्हणजे या वेळी कोऱ्या कागदावर काढली, आणि पहिल्या नंबराच्या जागी पाळी घातली, एकेका सणाला एकेक जण. पहिला अकाउंटंट. अकाउंटंट उठून आला, "अहो भाऊसाहेब, सासरे..." म्हणाला. हेडक्लार्कने त्याला सांगितलं की सासऱ्यांना शेजारी बसव, त्यांनाही फोन घेता येतील. दुसरा स्टोअरकीपर, कंसात 'खिडकीतून'. ते कंसातलं साहेबांनी खोडलं. त्यांचं स्वतःचं नाव चौथ्या सणाला होतं, ते मात्र त्यांनी खोडलं नाही.

हे सगळं कागदावर उतरल्यावर हेडक्लार्क फोनताईंच्या टेबलाशी गेला. त्या फोनवर होत्या. कोणाला तरी पिशवीतल्या कोथिंबिरीच्या जुडीवरून झापत होत्या. फोन ठेवला, वर पाहिलं.

मेमोचं त्यांना कळलं होतं की नाही, ते चेहऱ्यावरून समजेना. शाळेच्या बाईंचं नक्की कळलं होतं, कारण सकाळी आल्याआल्या त्यांनी त्या बाईंना आपणहून फोन लावला होता. बोलणं बराच वेळ चाललं होतं, आणि शेवटी दोघी कोणाला तरी मिळून नावं ठेवत होत्या. कोणाला, हे विचारायचं धाडस हेडक्लार्कने केलं नाही.

त्याच्या जिभेवर ते "आराम झाला ना" आलं होतं. त्याने ते गिळलं. पण चार दिवस डोक्यात घोळत असलेला प्रश्न काही गिळता येईना. कोरफडीच्या कुंड्या, दोन खोल्या, बंद फोन. बाहेर सण, आत ही एकटी बाई. त्याला काहीतरी ऐकायचं होतं. देवदर्शन म्हणा, आईची आठवण म्हणा, कपाट आवरलं म्हणा, काहीही, म्हणजे एवढा सगळा खटाटोप कशासाठी झाला ते आपल्याला समजलं असं वाटलं असतं.

"ताई, रागावू नका," तो म्हणाला. "पण एवढे चार दिवस तुम्ही केलंत काय?"

फोनताईंनी चष्मा लावला, रिसीव्हर उचलला, आणि म्हणाल्या, "सुट्टी."